बारा टक्क्यांच्या काठावरचे सोयाबीन

आखाडा बाळापूरच्या शेतकऱ्याने सोयाबीन हमीभावाने विकायला नेले, तर ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. समजा, मापकाने १२.२ दाखवले आणि मापनाची अनिश्चितता ०.५ आहे. म्हणजे खरा ओलावा ११.७ ते १२.७ यांत कुठेही असू शकतो.

खरेदीदाराला धोका नको असेल, तर तो ११.५ पर्यंतचाच माल घेईल. मर्यादेपासून आत सोडलेली ही अर्ध्या टक्क्याची पट्टी म्हणजे ‘गार्ड बँड’. मात्र तिच्यामुळे ११.८ चा बहुधा चांगला मालही परत जातो. उलट, १२.५ ओलांडल्यावरच नाकारायचे ठरले, तर धोका खरेदीदाराकडे जातो.

आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ नुसार प्रयोगशाळेने ‘पास-नापास’ सांगताना निर्णयाचा नियम निश्चित केलेला असावा लागतो. खरेदी केंद्रानेही तो वजनकाट्याशेजारी लावावा.