सवलतीचं उत्तर चॅटवर नको

समजा, खोक्यांच्या कारखानदाराला जुन्या ग्राहकाचा मेसेज येतो : ‘दादा, दहा टक्के कमी करा ना!’ घाईत ‘बरं, बघतो’ असं उत्तर गेलं, की ग्राहक ते होकार समजतो.

आधी हिशेब करावा. खोकं २० रुपयांचं, खर्च १६, नफा ४. दहा टक्के सूट म्हणजे २ रुपये, म्हणजे निम्मा नफा गेला. तेवढंच कमवायला दुप्पट माल विकावा लागेल.

म्हणून गप्पांतली मागणी ईमेलमध्ये अशी मांडावी :

‘नमस्कार. दराबद्दल मोकळेपणानं बोललात, आभार. २,००० नगांना २० रुपये हाच दर राहील. मात्र एकत्र ५,००० नगांची ऑर्डर आणि पैसे ४५ दिवसांऐवजी आगाऊ दिल्यास १९.२० रुपये दर देता येईल. कागदाची प्रत तीच राहील. हा दर महिनाअखेरपर्यंत आहे. कोणता पर्याय सोयीचा, ते कळवावं.’

इथे नकार नाही, पण फुकट सूटही नाही. प्रत्येक पैशाच्या बदल्यात काहीतरी मिळतं. ‘परवडत नाही’ असं रडगाणं टाळावं. त्यानं घासाघीस वाढते. मुदत लिहिली नाही, तर सवलतीचा दरच पुढे कायमचा होतो.