बाण कुठून निघाला?

ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या तासाला पडद्यावर स्लाइड येते. रेघा, अक्षरे, ठिपके, अधिक-उणे चिन्हे आणि या सगळ्यांवरून उड्या मारणारे वाकडे बाण. प्राध्यापक सांगत जातात, “हा ऑक्सिजन इथे अटॅक करतो, हे इलेक्ट्रॉन वर जातात, मग खाली येतात आणि हा ग्रुप बाहेर पडतो.” वर्ग भराभर वहीत उतरवून घेतो. परीक्षेच्या आदल्या रात्री तीच स्लाइड चित्र म्हणून पाठ केली जाते आणि पेपरात रेणू जरा बदलून आला की सगळे पाठांतर कोसळते. बहुतेकदा दोष विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीचा नसतो. बाण नेमके काय सांगतो आहे, हेच त्याला कळलेले नसते.

वाकडा बाण अणूंची वाट दाखवत नाही. तो इलेक्ट्रॉनच्या एका जोडीचे स्थलांतर दाखवतो. बाणाची शेपटी जिथे आहे तिथे ती जोडी आत्ता आहे आणि टोक जिथे टेकते तिथे ती पुढच्या चित्रात असेल. जोडीला राहायला जागा दोनच: एकतर दोन अणूंमधला बंध, नाहीतर एखाद्या अणूजवळची मोकळी जोडी, म्हणजे लोन पेअर. त्यामुळे बाणही या दोनपैकी एका जागेवरूनच निघू शकतो. स्लाइड वाचताना आधी टोकाकडे नव्हे, शेपटीकडे पाहायचे ते यासाठी. (काही स्लाइडवर मासेमारीच्या गळासारखे अर्ध्या टोकाचे बाण दिसतात. ते एकाच इलेक्ट्रॉनसाठी असतात, आणि तो विषय वेगळा.)

ही खूण फार जुनी नाही. इलेक्ट्रॉनची जोडी म्हणजे बंध, ही कल्पना अमेरिकन रसायनतज्ज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी 1916 मध्ये मांडली. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1922 मध्ये, ब्रिटनमधल्या विल्यम कर्मॅक आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या शोधनिबंधात वाकडे बाण प्रथम आले. रॉबिन्सन यांना पुढे 1947 चे नोबेल मिळाले. कर्मॅक यांचे नाव मात्र आज केमिस्ट्रीपेक्षा साथीच्या रोगांच्या गणितात जास्त ऐकू येते. कोविडच्या काळात रुग्णसंख्येचे जे आलेख चर्चेत होते, त्यांच्या मुळाशी 1927 चे कर्मॅक-मॅकेन्ड्रिक प्रारूप आहे.

बाण कसे वाचायचे हे एका खऱ्या स्लाइडवरच पाहायला हवे. त्यासाठी साबणाच्या कढईतली अभिक्रिया घेऊ. तेल हे एस्टर असते आणि कॉस्टिक सोड्याने ते फुटून साबण तयार होतो. तेलाचा रेणू लांबलचक, म्हणून वर्गात त्याच्या जागी इथाइल ॲसिटेट हा छोटा एस्टर घेतात. स्लाइडचा सांगाडा असा:

```
1)  HO⁻ + CH3–C(=O)–OC2H5  ⇌  CH3–C(O⁻)(OH)–OC2H5
2)  CH3–C(O⁻)(OH)–OC2H5    ⇌  CH3–C(=O)–OH + C2H5O⁻
3)  CH3–COOH + C2H5O⁻      →  CH3–COO⁻ + C2H5OH
```

पहिल्या ओळीवर दोन बाण असतात. एक हायड्रॉक्साइडच्या ऑक्सिजनवरच्या मोकळ्या जोडीपासून निघतो आणि C=O मधल्या कार्बनवर टेकतो. त्याच कार्बनवर का? ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. या कार्बनला एक ऑक्सिजन द्विबंधाने आणि दुसरा एकेरी बंधाने जोडलेला, म्हणजे दोन्हीकडून ओढ. त्यामुळे रेणूत इलेक्ट्रॉनची चणचण सर्वांत जास्त तिथेच असते.

दुसरा बाण C=O च्या द्विबंधातून निघून वरच्या ऑक्सिजनवर जातो, आणि विद्यार्थी नेमका हाच विसरतात. तो नसेल तर काय बिघडते हे मोजून कळते. कार्बनचे आधीच चार बंध आहेत, म्हणजे त्याच्याभोवती आठ इलेक्ट्रॉन. पाचवा बंध आला तर दहा होतील आणि कार्बनला आठाच्या वर जागा नाही. नवी जोडी आत यायची तर एक जुनी जोडी बाहेर गेलीच पाहिजे, म्हणून दोन्ही बाण एकाच चित्रात, एकाच वेळी. उत्तरपत्रिकेत पाच हातांचा कार्बन दिसला की समजावे, हा दुसरा बाण राहून गेला आहे.

आता चार्ज पाहा. हायड्रॉक्साइडच्या ऑक्सिजनने आपली मोकळी जोडी बंधात घातली, म्हणून त्याचा उणे चार्ज गेला. वरच्या ऑक्सिजनला द्विबंधातली जोडी पूर्णपणे मिळाली, म्हणून उणे चार्ज त्याच्यावर आला. बाणाच्या डावीकडे एकूण चार्ज उणे एक होता, उजवीकडेही उणे एकच आहे. स्लाइडच्या प्रत्येक पायरीला ही बेरीज जुळली पाहिजे. ती जुळत नसेल तर चूक चार्ज लिहिण्यात आहे किंवा एखादा बाण सुटला आहे, आणि हे शोधायला पुस्तक उघडावे लागत नाही.

पहिल्या पायरीनंतर तयार झालेल्या रेणूत मधल्या कार्बनला चार वेगवेगळे शेजारी आहेत: CH3, OH, O⁻ आणि OC2H5. दुसऱ्या पायरीत O⁻ वरची जोडी खाली येऊन द्विबंध पुन्हा तयार होतो, आणि तिला जागा करून द्यायला कार्बनचा एक एकेरी बंध तुटून त्याची जोडी बाहेर पडणाऱ्या गटाकडे जाते. कोणता गट बाहेर पडेल? जो ती जोडी आणि उणे चार्ज त्यातल्या त्यात सहज सांभाळू शकतो. CH3 ला ते जवळपास अशक्य, म्हणून तो जागचा हलत नाही. OH आणि OC2H5 यांची कुवत मात्र सारखीच म्हणावी लागेल.

इथे चौकस विद्यार्थी हात वर करतो. OH सुद्धा तितक्याच सहज बाहेर पडू शकत असेल, तर अभिक्रिया पुढे का जावी? प्रश्न अगदी रास्त आहे. OH बाहेर पडतोही, आणि मग मूळ एस्टर परत मिळतो. म्हणूनच पहिल्या दोन ओळींत दुहेरी, जाणारा-येणारा बाण आहे. हा सरळ बाण आणि रेणूवरचे वाकडे बाण यांची गल्लत करू नये. सरळ बाण म्हणजे “याचे ते होते” आणि वाकडा बाण म्हणजे “ही जोडी तिकडे जाते.”

पारडे झुकते ते तिसऱ्या पायरीत. बाहेर पडलेला इथॉक्साइड तीव्र अल्कली आहे आणि समोर ॲसिटिक आम्ल उभे आहे. इथॉक्साइड त्याचा प्रोटॉन लगेच उचलतो. ॲसिटिक आम्लाचा pKa 4.76 आणि इथेनॉलचा सुमारे 16. या फरकाचा अर्थ असा की समतोल साधारण शंभर अब्ज पटींनी उजवीकडे कललेला आहे, आणि एवढ्या उतारावरून मागे वळणे नाही. तयार झालेल्या ॲसिटेटवर आधीच उणे चार्ज असल्याने हायड्रॉक्साइड त्याच्या वाटेला जात नाही. साबण करताना सोडा नुसता चिमूटभर चालत नाही, एस्टरच्या प्रमाणात पूर्ण घालावा लागतो, त्याचे कारणही हीच पायरी. प्रत्येक एस्टर गटामागे एक हायड्रॉक्साइड कायमचा खर्च होतो.

याच पायरीत सर्वांत जास्त मार्क जातात. इथॉक्साइड प्रोटॉन उचलतो म्हटले की हात आपोआप हायड्रोजनपासून ऑक्सिजनकडे बाण काढतो, कारण हलताना दिसतो तो हायड्रोजन. पण इथे जोडी इथॉक्साइडच्या ऑक्सिजनवर आहे. म्हणून बाण तिथून निघून हायड्रोजनवर जातो आणि दुसरा बाण O–H बंधातून निघून आम्लाच्या ऑक्सिजनवर. अणू एका दिशेने गेला आणि बाण उलट दिशेने, असे इथे घडते. H⁺ पासून निघालेला बाण तर कुठेही दिसला तरी चूकच, कारण H⁺ जवळ द्यायला इलेक्ट्रॉनच नाहीत.

इतका हिशेब जुळला म्हणून स्लाइड खरी ठरते का? नाही. याच अभिक्रियेसाठी दुसरी, आणखी छोटी स्लाइड काढता येते. हायड्रॉक्साइड C=O कडे न वळता इथाइल गटाच्या कार्बनवर जातो आणि तिथला C–O बंध तुटतो. एकच पायरी, दोनच बाण. कार्बनभोवती आठच इलेक्ट्रॉन, चार्जची बेरीज उणे एक, आणि शेवटी तेच ॲसिटेट, तेच इथेनॉल. कागदावर एकही नियम मोडलेला नाही.

फरक फक्त एका ऑक्सिजनचा आहे. पहिल्या स्लाइडनुसार हायड्रॉक्साइडचा ऑक्सिजन आम्लाच्या भागात जातो, दुसरीनुसार अल्कोहोलमध्ये. मायकेल पोलान्यी आणि त्यांचे सहकारी साबो यांनी 1934 मध्ये नेमके हेच तपासले. त्यांनी ॲमिल ॲसिटेट हा एस्टर अल्कलीने फोडला, पण पाणी वापरले ते जड ऑक्सिजन असलेले. हा ऑक्सिजन वागायला नेहमीसारखाच, फक्त वस्तुमान 16 ऐवजी 18. मिळालेल्या अल्कोहोलमध्ये जड ऑक्सिजन आला नव्हता. म्हणजे अल्कोहोलने आपला जुना ऑक्सिजन सोबत नेला होता, आणि छोटी स्लाइड बाद झाली.

मधला, चार शेजाऱ्यांचा रेणू खरोखर तयार होतो की ते फक्त कागदावरचे चित्र, हा प्रश्न तरीही उरला. 1951 मध्ये मायरन बेंडर यांनी जड ऑक्सिजन उलट बाजूला, एस्टरच्या C=O मध्ये, घातला. अभिक्रिया अर्धवट होऊ दिली आणि न फुटलेला एस्टर परत काढून तपासला. त्यातला जड ऑक्सिजन कमी झाला होता. मधला रेणू काही काळ टिकत असेल तरच याचा अर्थ लागतो. त्यात O⁻ आणि OH शेजारी आहेत, त्यांच्यात प्रोटॉनची अदलाबदल झाली की जुना ऑक्सिजन OH होतो आणि परतीच्या वाटेने तोच बाहेर पडू शकतो. वर्गातल्या त्या चौकस विद्यार्थ्याने विचारलेली मागे फिरणारी पायरी इथे प्रयोगात सापडली.

स्लाइड मात्र त्या एस्टरपुरती आणि त्या परिस्थितीपुरतीच असते. हाच एस्टर आम्लाने फोडायचा असेल तर चित्रात HO⁻ किंवा C2H5O⁻ दिसता कामा नये, कारण आम्लात ते टिकत नाहीत. तिथे आधी C=O च्या ऑक्सिजनला प्रोटॉन मिळतो, मग पाण्याचा रेणू येतो, आणि सगळे रेणू एकतर चार्जविना असतात किंवा अधिक चार्जचे. आणि इथाइलच्या जागी टर्शरी ब्यूटाइल गट असेल तर आम्लात वाटच बदलते. हा गट अधिक चार्ज बऱ्यापैकी पेलतो, म्हणून ऑक्सिजन आणि टर्शरी ब्यूटाइल यांच्यामधला बंध तुटतो, पाणी नंतर त्या गटाला जोडले जाते आणि जड ऑक्सिजन या वेळी मुख्यतः अल्कोहोलमध्ये सापडतो. बंध तोडणारा बाण या स्लाइडवर त्याच ऑक्सिजनच्या पलीकडच्या बाजूच्या बंधातून निघालेला असतो.