सी-पिन बसते, पण चार्ज का होत नाही?

चंदीगडच्या सेक्टर ३२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालय आहे आणि एसडी कॉलेजही आहे. त्यामुळे या सेक्टरच्या बाजारात होस्टेलची मुलं, निवासी डॉक्टर आणि पंजाब, हरियाणा, हिमाचलातून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक यांची सतत ये-जा असते. मोबाइलच्या सामानाच्या दुकानात यांतल्या बहुतेकांची मागणी तीन शब्दांत आटोपते : व्ही-एट, आयफोनवाली, टाइप-सी. व्ही-एट म्हणजे जुनी मायक्रो-यूएसबी. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या दुकानांतही हेच नाव चालतं.

माझा भाचा इथे निवासी डॉक्टर आहे. त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा त्याने एक छोटा ब्लूटूथ स्पीकर पुढे केला. ‘‘मामा, भोक टाइप-सी, केबल टाइप-सी, चार्जरही टाइप-सी. मग याचा दिवा का लागत नाही?’’ त्याच केबलने, त्याच चार्जरवर त्याचा फोन मात्र झकास चार्ज होत होता. आधी सगळ्या फोनांना एकच पिन कशी आली ते पाहू. स्पीकरचं उत्तर त्यातच आहे.

मायक्रो-यूएसबी २००७ साली आली तेव्हा ती सुधारणाच होती. आधीच्या मिनी-यूएसबीपेक्षा ती चपटी होती आणि दहा हजार वेळा घालता-काढता यावी असं तिचं माप ठरलेलं होतं. झिजणारे स्प्रिंग फोनमध्ये न ठेवता केबलच्या टोकाला दिले होते, म्हणजे खराब झालीच तर स्वस्तातली केबल व्हावी, फोन नव्हे. २००९ मध्ये युरोपियन आयोगाच्या पुढाकाराने मोठ्या फोन कंपन्यांनी हीच पिन सामायिक मानायचं कबूल केलं. पण ती एकाच बाजूने बसते. अंधारात उलटी रेटली की आतली जीभ वाकते आणि सर्किटवरच्या टाक्यांवर ताण येतो. ‘चार्जिंगचं भोक ढिलं झालंय’ ही तक्रार बहुधा तिथूनच सुरू होते.

याहून मोठी अडचण विजेची होती. मायक्रो-यूएसबीत पाचच पिना. वीज आणणारी एक, परत नेणारी एक, माहितीच्या दोन, आणि पाचवी ‘या टोकाला फोन आहे की पेनड्राइव्ह’ एवढंच सांगणारी. एका बारीक पिनेतून साधारण पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाणं धोक्याचं. फोनचे पडदे आणि बॅटऱ्या वाढल्या तशी ही पाइपलाइन अपुरी पडू लागली. २०१४ च्या सुमाराला ओप्पोने जलद चार्जिंगसाठी मायक्रो-यूएसबीतच जादा पिना घातल्या. वेग मिळाला, पण तो फक्त त्याच कंपनीच्या चार्जरवर आणि केबलवर.

अ‍ॅपलची लाइटनिंग सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर आली. दोन्ही बाजूंनी बसणारी, आठ पिनांची, हाताळायला उत्तम. मात्र तिच्या केबलमध्ये ओळख पटवणारी चिप असते आणि बाहेरच्या उत्पादकांना त्यासाठी अ‍ॅपलचा परवाना लागतो. शिवाय आयफोनमध्ये माहितीचा वेग शेवटपर्यंत जुन्या यूएसबी २.० एवढाच, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट राहिला. कॅमेरे सुधारत गेले, चित्रफिती मोठ्या होत गेल्या, केबल मात्र तीच.

यूएसबी-सीची पहिली संहिता ऑगस्ट २०१४ मध्ये निघाली. २४ पिना, उलटी-सुलटी कशीही बसणारी, आणि स्प्रिंग पुन्हा केबलच्याच बाजूला. पुढच्या वर्षी वनप्लस २ आणि गूगलचे नेक्सस फोन ती घेऊन आले आणि अँड्रॉइडची दुनिया हळूहळू तिकडे वळली. अ‍ॅपल वळलं ते युरोपच्या कायद्याच्या रेट्याने. २०२२ च्या त्या निर्देशानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला, केबलने चार्ज होत असेल तर, यूएसबी-सी सक्तीची झाली. आयफोन १५ सप्टेंबर २०२३ मध्येच सी-पिन लावून आला. भारतीय मानक ब्युरोनेही जानेवारी २०२३ मध्ये यूएसबी-सीचं भारतीय मानक जाहीर केलं.

आता स्पीकरकडे वळू. जुन्या चौकोनी तोंडाच्या, म्हणजे यूएसबी-ए चार्जरमध्ये ५ व्होल्ट कायम हजर असतात, काही जोडलेलं असो वा नसो. सी-चार्जर तसा नाही. त्याच्या भोकात काही लावलेलं नसेल तर वीजच नसते. २४ पिनांपैकी सीसी नावाच्या दोन पिना केवळ बोलणी करायला राखलेल्या आहेत. उपकरणाच्या आत या प्रत्येक पिनेपासून जमिनीच्या तारेकडे ५.१ किलोओहमचा एक रेझिस्टर असावा लागतो. चार्जर सीसीवर बारीकसा दाब ठेवून वाट पाहतो. रेझिस्टर जाणवला की तिकडे वीज घेणारं काहीतरी आहे हे त्याला कळतं, दोनपैकी कोणत्या सीसीवर तो जाणवला त्यावरून पिन कोणत्या बाजूने बसली हे कळतं, आणि मगच तो ५ व्होल्ट सोडतो. दोघेही जाणते असतील तर त्याच तारेवरून पुढचा संवाद होतो. चार्जर ९, १५, २० व्होल्ट असे आपल्याकडचे पर्याय सांगतो, फोन त्यातला एक मागतो. कोणी काही मागितलं नाही तर चार्जर ५ व्होल्टवरच थांबतो. म्हणूनच लॅपटॉपच्या ६५ वॉटच्या चांगल्या चार्जरला साधा फोन लावला तरी फोन जळत नाही.

स्वस्त स्पीकर, ट्रिमर, हातपंखे बनवणारे काही उत्पादक नेमके हे दोन रेझिस्टर गाळतात. मायक्रो-यूएसबीच्या जागी सी-भोक बसवतात, बाकी सर्किट जुनंच. अशा उपकरणाला सी-चार्जर सी-केबलने जोडला की चार्जर वाट पाहत बसतो आणि वीज सोडतच नाही. उपकरण बिघडलेलं नसतं, केबलही नाही.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. तेच उपकरण जुन्या ए-चार्जरला, एका टोकाला ए आणि दुसऱ्या टोकाला सी असलेल्या केबलने लावायचं. आम्ही लावलं आणि दिवा लागला. ए-चार्जर काही विचारत नाही, त्यामुळे रेझिस्टर नसल्याचा प्रश्नच येत नाही. केबल उलटी करून लावल्यावर चार्ज होत असेल तर आणखी एक शक्यता असते : दोनपैकी एकच रेझिस्टर बसवलाय, किंवा एकाचा टाका सुटलाय. ही चूक फक्त स्वस्त मालातच होते असं नाही. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ या नावाजलेल्या छोट्या संगणकात दोन्ही सीसी पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता. साध्या केबलने तो चाले. आत ओळख-चिप असलेली महागडी केबल लावली की चार्जरला तो हेडफोन वाटे आणि वीज येत नसे. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं.

भाच्याकडे ए-चार्जर उरला नव्हता, आमची चाचणी शेजारच्या खोलीतून आणलेल्या चार्जरवर झाली. रोजच्यासाठी उपाय बाजारात मिळतो : ओटीजी अ‍ॅडॉप्टर. याच्या एका बाजूला सी-पिन, दुसऱ्या बाजूला ए-भोक. पेनड्राइव्ह फोनला जोडायला तो बनलेला आहे, आणि संहितेप्रमाणे त्याच्या सी-पिनेत ५.१ किलोओहमचा रेझिस्टर असतोच. तो सी-चार्जरमध्ये खोचला की चार्जरला हवी ती खूण मिळते, ५ व्होल्ट सुरू होतात, आणि पुढे जुनी ए-ते-सी केबल लावली की स्पीकर चार्ज होतो. ए-ते-व्ही-एट केबल लावली तर जुनी पॉवर बँक, ए-ते-लाइटनिंग लावली तर जुना आयफोनही. चार्जिंग सावकाश होतं, कारण बोलणी होत नाहीत आणि सगळं ५ व्होल्टवरच चालतं. रात्रभर लावून ठेवायच्या वस्तूंना त्याने काही बिघडत नाही. अ‍ॅडॉप्टर घेताना दुकानातच फोनला लावून त्यात पेनड्राइव्ह घालून पाहावा. पेनड्राइव्ह उघडला म्हणजे रेझिस्टर जागेवर आहे.

नवा चार्जर सी आणि फोन जुना आयफोन असेल, तर सी-ते-लाइटनिंग केबल घेणं मात्र सर्वांत चांगलं. आयफोन ८ पासून पुढचे फोन या केबलने जलद चार्ज होतात, कारण यात बोलणी शक्य असतात. व्ही-एट उपकरणासाठीही सी-ते-व्ही-एट केबल मिळते. तिच्या सी टोकात रेझिस्टर बसवलेला असतो, म्हणून चार्जर जागा होतो.

केबलच्या आतला रेझिस्टर चुकला तर काय होतं हे ए-ते-सी केबलमध्ये पाहायला मिळालं. तिच्या सी टोकात ५६ किलोओहमचा रेझिस्टर हवा. ‘पलीकडे साधा ए-चार्जर आहे, बेतानेच वीज ओढ’ असा त्याचा फोनला निरोप. २०१५ च्या सुमाराला बाजारात १० किलोओहमच्या केबल भरपूर आल्या. त्या फोनला ३ अँपिअरचं आश्वासन देत, पलीकडचा चार्जर किंवा लॅपटॉप तेवढं देण्याच्या लायकीचा असो वा नसो. गूगलमधले अभियंते बेन्सन ल्युंग अशा केबल विकत घेऊन एकेक तपासत होते. २०१६ मध्ये आतल्या ताराच चुकीच्या जोडलेल्या एका केबलने त्यांचा स्वतःचा लॅपटॉप निकामी केला.

हेडफोनच्या अ‍ॅडॉप्टरचा गोंधळ वेगळा आहे. काही फोन सी-पिनेतून थेट आवाजाचा संकेत बाहेर देतात, त्यांना आत फक्त तारा असलेला स्वस्त अ‍ॅडॉप्टर पुरतो. अनेक फोन आकडेच बाहेर पाठवतात, आणि त्यांचा आवाज करायला अ‍ॅडॉप्टरमध्ये डॅक नावाची चिप लागते. स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर लावूनही आवाज फोनच्या स्पीकरमधूनच येत राहिला तर चिप नसल्याची शक्यता मोठी. डॅकवाला अ‍ॅडॉप्टर बहुतेक फोनवर चालतो, म्हणून थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्यावा असं माझं मत आहे.

आणि दुकानात बरणीत भरून ठेवलेले ते इवलेसे अ‍ॅडॉप्टर, ज्यांना एका बाजूला सी-भोक आणि दुसऱ्या बाजूला व्ही-एट किंवा ए पिन असते, ते यूएसबीच्या संहितेत बसतच नाहीत. ए-पिनवाले असे दोन घेऊन एका सी-केबलच्या दोन्ही टोकांना लावले तर दोन चार्जर किंवा दोन संगणक समोरासमोर जोडता येतात, आणि दोन्हीकडून ५ व्होल्ट एकमेकांवर येतात. तसं होऊ नये म्हणूनच संहितेने सी-भोकाच्या अशा अ‍ॅडॉप्टरना जागा ठेवली नाही. व्ही-एट पिनवाल्याने निदान फोन चार्ज होतो, पण आत रेझिस्टर नसेल तर सी-चार्जरवर तोही गप्प. भाच्याने घेतलेले दोन असेच निघाले. त्यांच्या जागी त्याने एक ओटीजी आणि एक सी-ते-व्ही-एट केबल आणली.