तीन ब्रोमाइडे आणि उलटणारा क्रम

सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग करतात. तीन द्रव घ्यायचे: १-ब्रोमोब्युटेन, २-ब्रोमोब्युटेन आणि २-ब्रोमो-२-मिथाइलप्रोपेन. तिघांतही चार कार्बन आणि एक ब्रोमीन. फरक एवढाच, की ब्रोमीन ज्या कार्बनला धरून आहे त्याला पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात तीन कार्बन जोडलेले आहेत. म्हणून पहिले प्राथमिक, दुसरे द्वितीयक आणि तिसरे तृतीयक ब्रोमाइड.

एका रांगेतल्या तीन परीक्षानळ्यांत ॲसिटोनमध्ये विरघळवलेले सोडियम आयोडाइड असते, दुसऱ्या रांगेत इथेनॉलमध्ये विरघळवलेले सिल्व्हर नायट्रेट. प्रत्येक नळीत एकेका ब्रोमाइडचे दोन-चार थेंब टाकून हलवायचे आणि द्रव गढूळ कधी होतो ते पाहायचे. पहिल्या रांगेत प्राथमिक ब्रोमाइड काही मिनिटांत पांढरा साका देते, द्वितीयकाला ५० अंश सेल्सिअसच्या आसपास कोमट करावे लागते आणि तृतीयक सर्वांत मागे राहते. दुसऱ्या रांगेत तृतीयकाची नळी जवळजवळ लगेच फिकट पिवळसर होते आणि प्राथमिक रेंगाळते. द्रव्ये तीच, निघून जाणारा ब्रोमीनही तोच, तरी क्रम उलटा. हॅलोअल्केनच्या प्रतियोजन अभिक्रियांवरचा बहुतेक सगळा अभ्यास या उलटण्याचे कारण सांगण्यात सामावतो.

दोन्ही रांगांत घडते ते एकच: ब्रोमीन ब्रोमाइड आयन होऊन निघून जातो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉनांची जोडी देणारा दुसरा कोणीतरी येतो. या येणाऱ्याला न्यूक्लिओफाइल म्हणतात. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. नवा आल्यावर जुना जातो, की जुना गेल्यावर नवा येतो?

पहिल्या रांगेत येणे आणि जाणे एकाच क्षणी होते. आयोडाइड आयन ब्रोमीनच्या बरोबर विरुद्ध बाजूने कार्बनजवळ येतो. एकीकडे नवा बंध जुळत असताना दुसरीकडे जुना सैल होतो. या एकाच पायरीत दोन कण गुंतलेले असल्याने वेग दोघांच्या संहतीवर ठरतो. आयोडाइडचे प्रमाण दुप्पट केले, तर वेगही दुप्पट होतो. हीच एसएन-२ यंत्रणा. इथे अडचण असते ती गर्दीची. मागच्या बाजूने शिरायला वाट हवी आणि तृतीयक ब्रोमाइडमध्ये तीन मिथाइल गट ती अडवून बसतात. म्हणून मिथाइल हॅलाइड सर्वांत जलद, मग प्राथमिक, मग द्वितीयक असा क्रम लागतो. तृतीयकाचा या मार्गाने जवळजवळ निभावच लागत नाही.

दुसऱ्या रांगेत आधी ब्रोमीन जातो. सिल्व्हर आयन त्याला ओढून घेतो, सिल्व्हर ब्रोमाइडचा साका बसतो आणि मागे धनभारित कार्बन उरतो, म्हणजे कार्बोकॅटायन. मग इथेनॉलचा रेणू त्याला येऊन चिकटतो. बंध तुटण्याची पहिली पायरी संथ असते आणि एकूण वेग तीच ठरवते. तिच्यात न्यूक्लिओफाइलचा सहभाग नसल्याने त्याचे प्रमाण वाढवून वेग वाढत नाही. ही एसएन-१ यंत्रणा. इथे प्रश्न वाटेचा नसून कार्बोकॅटायन कितपत टिकतो याचा आहे. शेजारचे मिथाइल गट आपली इलेक्ट्रॉन घनता थोडी त्या धनभाराकडे सरकवतात आणि तो भार विभागला जातो. तीन गट असले, तर आधार सर्वांत जास्त. एका मार्गात आडवे येणारे मिथाइल गट दुसऱ्या मार्गात मदतीला येतात, म्हणूनच क्रम उलटतो.

द्रावकांची निवडही मुद्दाम केलेली असते. इथेनॉल आणि पाणी यांच्या रेणूंतला ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन ऋण आयनांना हायड्रोजन बंधांनी वेढतो. त्यामुळे निघणारा ब्रोमाइड सहज सुटतो, पण आयोडाइडसारखा न्यूक्लिओफाइलही वेढला जाऊन सुस्तावतो. ॲसिटोनमध्ये असा हायड्रोजन नाही, म्हणून आयोडाइड मोकळा राहतो. शिवाय सोडियम आयोडाइड ॲसिटोनमध्ये विरघळते आणि सोडियम ब्रोमाइड विरघळत नाही, त्यामुळे अभिक्रिया झाल्याची खूण आपोआप दिसते. नळी ओली असेल, तर हा प्रयोग फसतो. पाण्यात सोडियम ब्रोमाइड विरघळून साका दिसत नाही. उलट नळाच्या पाण्यातले क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटला ब्रोमाइड टाकण्याआधीच गढूळ करते.

मागच्या बाजूने हल्ला होतो, हे कळले कसे? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ह्यूज आणि इनगोल्ड यांनी १९३०च्या दशकात या दोन यंत्रणा मांडल्या. १९३५ साली ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २-आयोडोऑक्टेन घेतले. त्याचे रेणू डावे आणि उजवे असे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असू शकतात. एकाच प्रकारचे रेणू ॲसिटोनमध्ये घेऊन त्यांनी किरणोत्सारी आयोडाइड टाकले. किती आयोडीन बदलला हे किरणोत्सारावरून कळत होते आणि किती रेणू उलटले हे ध्रुवित प्रकाशाच्या वळण्यावरून. प्रकाश वळवण्याची क्षमता अदलाबदलीच्या नेमक्या दुप्पट वेगाने घटत होती. हिशेब सोपा आहे. शंभर उजव्या रेणूंपैकी दहांची अदलाबदल होऊन ते डावे झाले, तर उरलेल्या नव्वदांपैकी दहांचा परिणाम ते पुसून टाकतात. शिल्लक ऐंशी, म्हणजे घट विसांची. याचा अर्थ, अदलाबदल झालेला प्रत्येक रेणू सोसाट्याच्या वाऱ्यात छत्री उलटावी तसा उलटला होता. एसएन-१ मध्ये मधला कार्बोकॅटायन सपाट असतो. न्यूक्लिओफाइल दोन्ही बाजूंनी येऊ शकतो आणि डावे-उजवे असे मिश्रण मिळते. निघून जाणारा आयन एक बाजू क्षणभर झाकत असल्याने उलटलेले रेणू बहुधा किंचित जास्त असतात.

परीक्षेत दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला निघून जाणाऱ्या गटाबद्दलचा. आयोडाइड सर्वांत जलद, मग ब्रोमाइड, मग क्लोराइड हा क्रम दोन्ही यंत्रणांत तोच राहतो, कारण बंध दोन्हींत तुटतोच. त्यावरून यंत्रणा ओळखता येत नाही. दुसरा घोटाळा ‘प्राथमिक म्हणजे एसएन-२’ या पाठ केलेल्या नियमाचा. १-ब्रोमो-२,२-डायमिथाइलप्रोपेन प्राथमिकच आहे, पण शेजारच्या कार्बनवरचे तीन मिथाइल गट वाट अडवतात आणि त्याची एसएन-२ अभिक्रिया अत्यंत मंद होते. बेंझाइल क्लोराइडही प्राथमिक, पण त्याच्या कार्बोकॅटायनला बेंझिनच्या कड्याचा आधार मिळतो आणि ते दोन्ही रांगांत झटपट साका देते.

आता एक प्रश्न सोडवू. डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये सोडियम सायनाइड घेऊन त्यात एकदा १-ब्रोमोब्युटेन आणि एकदा २-ब्रोमो-२-मिथाइलप्रोपेन टाकले, तर काय मिळेल? पहिल्यात वाट मोकळी, न्यूक्लिओफाइल जोरदार आणि द्रावक त्याला न वेढणारा. म्हणून एसएन-२ होऊन पेंटेननायट्राइल मिळते. दुसऱ्यात ‘तृतीयक म्हणजे एसएन-१’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण सायनाइड हा बऱ्यापैकी प्रबळ आम्लारीही आहे. कार्बनपर्यंत पोहोचायला वाट नसली, की तो बाहेरच्या मिथाइल गटावरचा हायड्रोजन काढून घेतो, ब्रोमाइड निघून जातो आणि मुख्यतः २-मिथाइलप्रोपीन तयार होते. ते प्रतियोजन नव्हे, विलोपन. तृतीयक हॅलाइडकडून एसएन-१ हवी असेल, तर समोर पाणी किंवा इथेनॉलसारखा सौम्य न्यूक्लिओफाइलच ठेवावा लागतो. तापमानही बेताचे ठेवावे लागते, कारण उष्णता वाढली की विलोपनाचा वाटा वाढतो.