आणीबाणीत उघडणारी केस फाइल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

समजा, रात्री अकरा वाजता विठ्ठलवाडी स्थानकाजवळ लोकलमधून पडलेल्या माणसाला उल्हासनगरमधल्या एका रुग्णालयात बेशुद्ध आणलं. खिशातल्या जुन्या केसपेपरवरून संगणकात त्याची नोंद सापडली, पण ती मेडिसिन विभागाची. ड्यूटीवरच्या हाडांच्या डॉक्टरांना ती उघडेना. तो रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर ते याच क्षणी कळायला हवं.

इथे पहिला गैरसमज डोकं वर काढतो: डॉक्टर आहेत, त्यांना सगळंच दिसायला हवं. वास्तविक परवानगी पदापुरती नसावी, उपचारांच्या नात्यावर असावी. डॉक्टरांना आपल्या ओपीडीतले आणि आपल्याकडे भरती असलेले रुग्ण दिसतात. सिस्टरांना पाळीपुरते आपल्या वॉर्डातले रुग्ण, त्यांच्या औषधांचा तक्ता आणि ॲलर्जी दिसते. बिलिंगला दर, दिवस आणि केलेल्या प्रक्रिया पुरतात. डॉक्टरांची टिपणं नकोत. मात्र बिलातलं चाचणीचं नावसुद्धा आजार उघड करू शकतं. एचआयव्हीची तपासणी हे त्याचं ठळक उदाहरण, आणि 2017च्या कायद्याने ती माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे.

दुसरा गैरसमज असा, की परवानगी नसतानाही फाइल उघडून देणारं आणीबाणीचं बटण म्हणजे पळवाट. पण 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही जिवावरच्या वैद्यकीय प्रसंगी संमतीविना माहिती वापरण्याची तरतूद आहे. आपल्या उदाहरणातले डॉक्टर बटण दाबतात, ‘अपघात, बेशुद्ध’ हे कारण निवडतात आणि फाइल लगेच उघडते. वरिष्ठांच्या मंजुरीची वाट पाहायला लावणारं बटण रात्री अकराला निरुपयोगी. त्याऐवजी प्रवेश त्या एकाच रुग्णापुरता असावा, काही तासांनी आपोआप मिटावा आणि त्याची सूचना तपासणाऱ्याकडे जावी.

सर्वांत घातक गैरसमज तिसरा: फाइल कुणी उघडली याची नोंद राहते ना, मग झालं. नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या हागा रुग्णालयात एका प्रसिद्ध व्यक्तीची फाइल अनेक कर्मचाऱ्यांनी विनाकारण पाहिली. 2019मध्ये तिथल्या नियामकाने 4 लाख 60 हजार युरोंचा दंड लावला. कोण काय पाहतो याची नियमित तपासणी होत नव्हती, हा त्यातला मुख्य आक्षेप होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी बटण दाबणाऱ्याच्या विभागाबाहेरच्या कुणीतरी बटणाचा प्रत्येक वापर ताडून पाहावा. त्या वेळी रुग्ण कॅज्युअल्टीत होता का? फाइल उघडल्यावर डॉक्टरांनी उपचारांची नोंद लिहिली का? रुग्ण शेजारी, नातेवाईक किंवा सहकारी तर नाही? आपल्या डॉक्टरांची नोंद पहिल्या दोन प्रश्नांतच निकाली निघते. पण एकाच वॉर्डातून रोज रात्री बटण दाबलं जात असेल, तर सिस्टरांना लगेच दोषी धरू नये. बहुधा रात्री दुसऱ्या वॉर्डातून बदलीवर आलेल्यांना तिथल्या रुग्णांची परवानगीच मिळालेली नसते. तेव्हा परवानगी ड्यूटीच्या तक्त्याशी जोडावी लागते.