मागाल तेव्हा जागा, परतफेड मात्र एकदमच

वेबसाइटचे एखादे पान उघडले की पलीकडच्या सर्व्हरवर लगबग सुरू होते. पत्ता वाचायचा, हेडर सुटे करायचे, उत्तर जुळवायचे. प्रत्येक कामाला थोडी थोडी मेमरी लागते. सी भाषेत ती `malloc` कडून मागायची आणि काम झाले की `free` ने परत करायची, ही नेहमीची रीत. एका विनंतीपायी शंभर तुकडे घेतले, तर शंभर वेळा परत करणे आले. त्यातला एखादा दर वेळी राहून गेला, तर लाखो विनंत्यांनंतर सर्व्हरची मेमरी संपत येते.

पण हे बहुतेक तुकडे निकामी होतात ते एकाच क्षणी, उत्तर पाठवून झाल्यावर. मग त्यांचा वेगवेगळा हिशेब ठेवायचा कशाला? एरिना अलोकेटर सुरुवातीलाच मेमरीचा एक मोठा ठोकळा घेतो आणि ताग्यावरून कापड फाडून द्यावे तशी त्यातून जागा देत जातो. कुठवर दिले, एवढीच खूण तो सांभाळतो.

```c
size_t p = (a->used + 7) & ~(size_t)7;
if (p > a->size || n > a->size - p)
    return NULL;
a->used = p + n;
return a->base + p;
```

समजा, ठोकळा ४०९६ बाइटचा आहे. आधी नावासाठी १३ बाइट मागितले. खूण १३ वर आली. पुढची मागणी ८ बाइटच्या संख्येची. अशी संख्या आठाच्या पटीतल्या पत्त्यावर ठेवायची असते, म्हणून ३ बाइट सोडून ती १६ पासून बसते आणि खूण २४ वर जाते. वाया गेले ते तीन बाइट. शेवटी `a->used = 0` एवढे लिहिले की सगळी जागा पुन्हा मोकळी.

`nginx` हा वेब सर्व्हर प्रत्येक विनंतीसाठी असाच एक ‘पूल’ उघडतो आणि विनंती संपली की तो मोडतो. उघडलेल्या फाइली मात्र मेमरी सोडल्याने बंद होत नाहीत. त्यासाठी पूल मोडताना चालवायची कामे आधी नोंदवून ठेवावी लागतात.

खरा धोका वेगळाच आहे. वापरकर्त्याच्या नावाचा पत्ता कोणी विनंतीनंतरही जपून ठेवला, तर त्या जागी पुढच्या विनंतीचा मजकूर येतो आणि एकाच्या पानावर दुसऱ्याचे नाव दिसू शकते. प्रोग्राम बंदही पडत नाही, कारण ठोकळा अजून आपलाच असतो. म्हणून चाचणीच्या वेळी रिकामा केलेला ठोकळा `0xDD` सारख्या ठरावीक बाइटने भरून टाकतात. नावाच्या जागी तो कचरा दिसला की चूक पकडली जाते.

तासन्‌तास चालू राहणाऱ्या जोडणीला मात्र ही पद्धत मानवत नाही. तिथे खूण पुढेच सरकत राहते आणि मधले निकामी तुकडे परत मिळत नाहीत. एकत्र संपणाऱ्या गोष्टींनाच एका एरिनात जागा द्यावी.