‘स्टॉक रिपोर्ट. आज.’

दुपारी तीन चाळीसला ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साहेबांचा मेसेज येतो : ‘स्टॉक रिपोर्ट. आज.’ ग्रुपमधले नऊही जण तो वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्या कुणाला तरी सांगितलंय. सहा वाजता साहेब चिडतात. मेसेज तुटक होता हे खरंच, पण त्यात नाव नव्हतं, कुठला रिपोर्ट ते नव्हतं आणि वेळही नव्हती. अशा हुकमात उद्धटपणा आणि संदिग्धपणा बहुधा एकाच जागेतून येतात : जे लिहायचं राहून गेलं त्यातून.

सौम्य व्हायचं म्हणून काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ‘शक्य झाल्यास रिपोर्ट बघायला मिळाला तर बरं होईल.’ हे ऐकायला गोड आहे, पण ‘शक्य झाल्यास’ म्हटलं की काम ऐच्छिक होतं. ते झालं नाही, तर दोष कुणाला देणार? आडून सुचवणं म्हणजे नम्रता, असंही नाही. शोशाना ब्लम-कुल्का या भाषाभ्यासकांनी 1987 साली हिब्रू आणि इंग्रजी भाषकांकडून विनंत्यांचं मूल्यमापन करून घेतलं. आडून सुचवलेल्या विनंत्या त्यात सर्वांत नम्र ठरल्या नाहीत. समोरच्याला अर्थ काढत बसावं लागतं, त्याचाही त्रास होतोच.

समजा, हे काम सीमाताईंचं आहे. मग मेसेज असा लिहिता येईल :

‘सीमाताई, भिवंडी गोदामाचा सप्टेंबरचा स्टॉक रिपोर्ट आज साडेपाचपर्यंत मला मेल कराल का? सहा वाजता ऑडिटरना द्यायचा आहे. जमणार नसेल तर चारपर्यंत सांगा.’

इथे ‘कृपया’ नाही. मराठीत तो शब्द फलकावरच्या सूचनेसारखा वाटतो. आदर नावातून येतो, ‘कराल का’तून येतो आणि सर्वांत जास्त कारणातून येतो. ऑडिटरचं कळलं की साडेपाच ही साहेबांची लहर वाटत नाही. शेवटचं वाक्य नकाराला जागा देतं, पण मुदतीसह. ‘करता येईल का?’ मात्र मी टाळते. त्यावर ‘बघते’ हे उत्तर अगदी रास्त ठरतं.

काम टाळण्याजोगं नसेल, तर प्रश्नचिन्हही नको. ‘सीमाताई, साडेपाचपर्यंत पाठवा, सहाला ऑडिटर येतायत’ यात उणं काहीच नाही. ‘पाठवा’मध्ये ‘तुम्ही’चा मान आधीच आहे. ‘दोन नंबरचं मशीन लगेच बंद करा’ याला तर कारणही जोडू नये.

सगळ्यात अवघड म्हणजे ‘अजून झालं नाही?’ हा मेसेज. त्यावर माणूस सबब शोधतो, रिपोर्ट नाही. त्याऐवजी : ‘रिपोर्ट अजून मिळाला नाही. कुठे अडलंय? साडेसहापर्यंत होईल, की ऑडिटरना उद्याची वेळ मागू?’ आणि हा मेसेज ग्रुपवर नको, सीमाताईंना एकट्यांना पाठवावा.